हाक

सांगलीच्या एका कचेरीत 34 वर्षे कारकुनी केलेल्या अण्णांनी, सकाळच्या चहानंतर पोटातून येणारी हाक ‘आधी बस गाठू’ म्हणत इतक्या वेळा परतवली होती, की ती क्षीण होत गेली आणि रात्रीचे सोनामुखीचे चूर्ण हाच नेम ठरला. निवृत्तीनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांनी चूर्ण हळूहळू कमी केले; पहिले काही आठवडे पोट जडच राहिले.

मग एका सकाळी, कृष्णेच्या घाटाजवळ चहा घेताना, ती ओळखीची, अगदी हलकी जाणीव पुन्हा झाली.

“बसा हो अण्णा, गप्पा रंगल्यात.”

“नाही,” अण्णा लगबगीने उठत म्हणाले, “हिला फार वर्षं थांबवलं.”

दुपारी त्यांनी चूर्णाची रिकामी बरणी घासून पत्नीकडे दिली. तिने तीत मेथ्या भरल्या.