उद्या, थोडेसे

येवल्यात तीस वर्षे पैठणीच्या मागावर बसलेले वसंतराव क्योतोच्या निशिजिन भागात गेले ते एकाच ओढीने. त्सुझुरे पद्धतीचे विणकर आपल्या नखांना करवतीसारखे दाते पाडून घेतात आणि त्या दात्यांनी आडवा धागा ठासून बसवतात, असे त्यांनी वाचले होते. एका अरुंद गल्लीत लाकडी जाळीच्या घरातून मागाचा आवाज आला, तसे ते थबकले. वृद्ध विणकराने त्यांना ओसरीवर बसवून चहा दिला, आणि वसंतरावांनी पाठ केलेल्या मोडक्या जपानीत विचारले, "उद्या सकाळी येऊन आपले काम पाहू का? फोटोही काढीन."

म्हाताऱ्याने दातांतून हलकेच श्वास आत ओढला, मान किंचित तिरकी केली आणि म्हटले, "आशिता वा... चोत्तो..." वाक्य तिथेच थांबले. मग तो हसला आणि कमरेत वाकला.

वसंतरावांनी रस्त्यावर येताच फोनमधला शब्दकोश उघडला. आशिता म्हणजे उद्या, चोत्तो म्हणजे थोडेसे. उद्या थोडेसे! वास्तविक येवल्यात उधारी मागायला आलेल्या सूतवाल्याला ते स्वतः "बघू हं" म्हणत, आणि तो बिचारा दुसऱ्या दिवशी येत नसे. पण परक्या भाषेत माणूस शब्दांना धरून चालतो.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता, भेट म्हणून पैठणीचा बटवा घेऊन ते दारात उभे राहिले. दार उघडणारी म्हातारी काळ्या पोशाखात होती. क्षणभर तिची नजर गोंधळली, पण लगेच तिने वाकून त्यांना आत घेतले आणि त्यांच्यासाठी बसायला उशी मांडली. आतल्या खोलीत देव्हाऱ्यासारखे काळे कपाट उघडे होते. समोर उदबत्ती, फुले आणि एका वृद्धेची तसबीर. मुले-सुना काळ्या कपड्यांत ओळीने बसली होती. आज या घरी श्राद्ध आहे, हे कोणी सांगावे लागले नाही. वसंतरावांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. बटवा पुढे करून ते माफी मागत उठले.

तेवढ्यात काळ्या सुटातला विणकर पुढे आला. त्याने बटव्यावरचा मोर अंगठ्याने चाचपला, बारकाईने उलटून पाहिला आणि काही न बोलता त्यांना शेजारच्या खोलीत मागापाशी नेले. कोटाची बाही जरा वर सरकवून त्याने एक धागा ओवला आणि मधल्या बोटाच्या दातेरी नखाने तो तीनदा खरडून खाली बसवला. तीनदाच.

बाहेर स्कूटर थांबली. हेल्मेट काढत भटजी दारात आले. म्हाताऱ्याने बाही खाली ओढली. वसंतरावांनी खिशातला फोन बाहेर काढला नव्हता.