श्री भैरवनाथ यात्रेसाठी पाण्याचे टँकर, स्वच्छता व दिवाबत्तीची सोय करण्याबाबत ग्रामपंचायतीस विनंती अर्ज

दिनांक : 9 फेब्रुवारी 2026

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य व ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत खडकमाळवाडी,
ता. माण, जि. सातारा.

विषय : चैत्र वद्य अष्टमी, शुक्रवार दि. 10 एप्रिल 2026 रोजी भरणाऱ्या श्री भैरवनाथ यात्रेसाठी पाणी, स्वच्छता व प्रकाशाची व्यवस्था होणेबाबत.

महोदय,

गेल्या वर्षी आम्ही हा अर्ज यात्रेच्या आठ दिवस आधी दिला होता. तोवर मासिक सभा होऊन गेली होती, ठराव घ्यायला सवड उरली नव्हती आणि जे जमले ते धावतपळत जमले. ती चूक आमची, यात्रा कमिटीची होती. म्हणून यंदा दोन महिने आधी लिहीत आहोत. येत्या मासिक सभेत हा विषय घेऊन ठराव व्हावा, एवढीच मुख्य विनंती आहे. बाकी तपशील खाली दिला आहे.

यात्रेला माणसे किती येतात, याची मोजदाद कोणी केलेली नाही. मात्र गेल्या वर्षी महाप्रसादाला 6,500 पत्रावळी आणल्या होत्या आणि दुपारी तीनच्या सुमारास त्या संपल्या. मुंबईचे माथाडी, गलाईच्या धंद्यानिमित्त परराज्यांत गेलेली आपली कुटुंबे, लेकीबाळी, पाहुणेरावळे हे सगळे या दोन दिवसांत गावात असतात. शिंगणापूरच्या कावडी उरकल्या की पंचक्रोशीतली गजी मंडळेही आपल्याकडे वळतात. एरवी हजार-बाराशे वस्तीच्या गावाला हा भार पेलायचा असतो. देऊळ गावापासून दीड किलोमीटर माळावर आहे आणि तिथे नळपाणी योजनेची लाईन पोचलेली नाही. देवळामागच्या आडाला मार्चअखेर तळ दिसतो.

आमचा हिशेब असा. मुख्य दिवशी माणशी पाच लिटर धरले तरी 32,500 लिटर पाणी लागेल. महाप्रसादाचा स्वयंपाक आणि भांडी यांना 8,000, शौचालये व हात धुण्यासाठी 10,000, बैलगाड्यांची जनावरे आणि मंदिर परिसर यांना 4,500 लिटर. एकूण 55,000 लिटर. म्हणजे 12,000 लिटरच्या टँकरच्या पाच खेपा त्या एका दिवशी हव्यात. आदल्या दिवशी, म्हणजे 9 एप्रिलला, छबिन्याच्या तयारीसाठी तीन आणि 11 तारखेला पाकाळणी व साफसफाईसाठी दोन. अशा दहा खेपा. दोन दिवसांच्या यात्रेला तीन दिवस पाणी कशाला, असे कोणी विचारेल; पण तिसऱ्या दिवशी माळ धुऊन घेतल्याशिवाय तिकडे शेजारच्या वस्तीतल्या लोकांना राहता येत नाही, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे.

टँकर आला म्हणजे काम झाले असे नाही, हे मात्र गेल्या वर्षी शिकलो. दुपारी दोन वाजता टँकर उभा राहिला आणि तो रिकामा करायला जागाच नव्हती. बायकांनी हंडे आणि कळशा घेऊन पाइपभोवती गर्दी केली, रेटारेटी झाली आणि निम्मे पाणी माळावर मुरले. म्हणून यंदा 2,000 लिटरच्या सहा टाक्या भाड्याने आणण्याचा खर्च कमिटी करील. ग्रामपंचायतीने त्या ठेवायला दगडी ओटा करून द्यावा आणि प्रत्येक टाकीला चार नळांचे कोंडाळे बसवून द्यावे. तीन टाक्या देवळाच्या पूर्वेला, दोन बाजारपट्टीत आणि एक फक्त बायकांसाठी, शौचालयांच्या बाजूला. कोंडाळ्याखालचे पाणी वाहून जायला चर नसेल तर चिखल होतो आणि त्याच चिखलातून लोक दर्शनाला जातात, त्यामुळे चरही त्याच वेळी खणून घ्यावा.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. टंचाईच्या काळात वाड्यांना जो शासकीय टँकर येतो, त्यातले पाणी यात्रेला मागायचे नाही. वरच्या वाडीच्या घराघरांतल्या पिंपांचा तो आधार आहे आणि देवाच्या नावावर तो तोडायला आमचे मन होत नाही. टँकर खासगी ठरवावेत; भाडे ग्रामपंचायतीने द्यावे व डिझेलचा खर्च कमिटी लोकवर्गणीतून उचलेल. पाणी कोणत्या विहिरीचे भरायचे हे आधी ठरवावे आणि जलसुरक्षकाने ती विहीर पाहून घ्यावी. प्रत्येक टँकरमध्ये 1,000 लिटरला 5 ग्रॅम या प्रमाणात, म्हणजे 12,000 लिटरला 60 ग्रॅम टीसीएल पावडर पडलीच पाहिजे आणि अर्ध्या तासाने ओटी चाचणी व्हावी. गेल्या यात्रेनंतर चार-पाच घरांत उलट्या-जुलाब झाले. तो पाण्याचा दोष होता की बर्फाच्या गोळ्याचा, हे कोणाला सांगता आले नाही, पण आम्हाला तो विषय पुन्हा काढायचा नाही. बर्फगोळा आणि उसाच्या रसाच्या गाड्यांवरही टीसीएल घातलेलेच पाणी वापरले जावे, अशी सक्त सूचना परवानगी देतानाच द्यावी.

आता स्वच्छतेविषयी. हा विषय सभेत बोलायला सगळ्यांना अवघड वाटतो, म्हणून पत्रात लिहितो. देवळाजवळ सार्वजनिक शौचालयाच्या दोनच खोल्या आहेत आणि पाण्याअभावी त्यांना वर्षभर कुलूप असते. पुरुष ओढ्याकडे जातात. आपल्या लेकीबाळी आणि सासुरवाशिणी मात्र अंधार पडेपर्यंत पाणी पीत नाहीत. चैत्रातल्या उन्हात, लहान मूल कडेवर घेऊन. हे माहीत असूनही आपण गप्प राहत आलो आहोत. त्यामुळे निदान 12 फिरत्या शौचालयांची मागणी आहे. त्यांतील आठ बायकांसाठी व चार पुरुषांसाठी असावीत. बायकांकडील एक तरी कमोडचे असावे, कारण गुडघे धरलेल्या आज्या बसू शकत नाहीत. दहिवडी नगरपंचायत किंवा म्हसवड नगरपरिषद यांच्याकडे फिरती शौचालये मिळू शकतील का, याची विचारणा ग्रामपंचायतीच्या पत्राने व्हावी. आमच्या कमिटीच्या कागदाला तिथे वजन नाही, सरपंचांच्या सहीला आहे. ही शौचालये आडापासून आणि स्वयंपाकाच्या मांडवापासून लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभी करावीत आणि मैला उपसायची गाडी कधी येणार हे आधीच ठरवून घ्यावे. भरलेले शौचालय नसलेल्या शौचालयापेक्षा वाईट.

कचऱ्यासाठी घंटागाडी दोन्ही दिवस माळावरच ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे. तरी दरवर्षी दुकाने मांडताना तीच दिसतात. जागाभाड्याची पावती फाडतानाच प्रत्येकाला ही अट लेखी द्यावी. महाप्रसादाच्या पत्रावळी पळसाच्या आणण्याचे कमिटीने नक्की केले आहे. त्या खड्ड्यात पुरता येतात. दुसऱ्या दिवशी घरोघरी खारा नैवेद्य होतो आणि बकऱ्यांची आतडी, कोंबड्यांची पिसे ओढ्याच्या कडेला पडतात. मग आठवडाभर कुत्री आणि घाण. याला वेगळा खोल खड्डा जेसीबीने खणून, चुना टाकून, माती लोटून बंद करावा. हा मुद्दा कुणाच्या प्रथेविरुद्ध नाही. प्रथा चालू राहील, आतडी ओढ्यात नकोत.

दिवाबत्तीचे तर विचारायलाच नको. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो. छबिना रात्री दहाला निघतो आणि पहाटे दोन-अडीचला देवळात परततो, म्हणजे वाटेचा मोठा भाग गर्द काळोखात जातो. पूर्वी दिवट्या आणि मशाली होत्या, आता मोबाईलच्या बॅटऱ्या आहेत, त्या पालखीच्या मागे चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या पायाखाली पडत नाहीत. वेशीपासून माळापर्यंत 38 पोल आहेत. 2 फेब्रुवारीला रात्री आम्ही चालत जाऊन पाहिले तेव्हा 14 दिवे बंद होते. वाटेतल्या जुन्या विहिरीला कठडा नाही. मागच्या वर्षी एका आजींचा पाय पाइपलाईनच्या उघड्या चरीत मुरगळला. त्या सहा आठवडे खाटेवर होत्या.

म्हणून बंद दिवे मार्चअखेरीस सुरू करावेत. माळावर एलईडी फ्लडलाइटचे 20 दिवे तात्पुरते लावावेत, त्यांतले चार शौचालयांकडे आणि दोन कोंडाळ्याजवळ असावेत. विहिरीला तात्पुरते कुंपण घालून त्यावर लाल दिवा लावावा आणि चर बुजवावी. महावितरणकडे तात्पुरत्या जोडणीचा अर्ज ग्रामपंचायतीकडून जावा, म्हणजे दुकानदारांना आकडे टाकायला निमित्त राहणार नाही. लाईट गेली तर पाळण्यांत माणसे अडकतात, म्हणून 25 केव्हीएचा जनरेटर राहावा. त्याचे भाडे कमिटी देईल. वायरमन मात्र जाणकार हवा आणि आर्थिंग त्याने स्वतः तपासून घ्यावे. पोरांनी हौसेने ओढलेल्या वायरींवर आमचा भरवसा नाही, आमचीच पोरे असली तरी.

खर्चाबाबत. वित्त आयोगाच्या निधीतील बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो. त्यात यातील काय बसते ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पाहावे. जे बसणार नाही ते ग्रामनिधीतून करावे. यात्रेत दुकाने व पाळणे यांचे जागाभाडे ग्रामपंचायत घेते. ते उत्पन्न याच माळावर खर्च व्हावे, असे गावातल्या बऱ्याच लोकांचे म्हणणे आहे आणि आमचेही आहे. हे टीकेच्या सुरात लिहिलेले नाही. जमा-खर्चाचा तक्ता यात्रेनंतर देवळाच्या पाटीवर लावला तर वर्गणी मागतानाही आमचे काम सोपे होईल. आमचा तक्ता आम्ही लावतोच.

आमच्याकडून 40 स्वयंसेवक राहतील. त्यांतील दहा मुली शौचालये आणि बायकांच्या टाकीजवळ असतील. त्यांना ओळखपत्र व शिट्टी कमिटी देईल. टँकरच्या खेपांची वही आम्ही ठेवू, प्रत्येक खेपेला जलसुरक्षकाची सही घेऊ आणि ती वही यात्रेनंतर आपल्याकडे जमा करू.

येत्या मासिक सभेला कमिटीचे दोन सभासद बोलावल्यास हजर राहतील. टाक्यांचे भाडे ठरवण्यासाठी आम्हाला 10 मार्चपूर्वी कळावे, कारण चैत्रात सगळ्याच गावांच्या यात्रा असतात आणि नंतर टाकी, जनरेटर, मांडव, काहीच हाती लागत नाही.

कळावे,

आपले नम्र,

अध्यक्ष
सचिव
खजिनदार
श्री भैरवनाथ यात्रा कमिटी, खडकमाळवाडी

सोबत : माळाचा हाताने काढलेला नकाशा (टाक्या, शौचालये व दिव्यांच्या जागा दाखवून), बंद पोलांची यादी, गेल्या वर्षीच्या जमा-खर्चाची प्रत.

प्रत माहितीसाठी :
1. मा. तहसीलदार, माण, दहिवडी
2. प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, टीसीएल व ओटी चाचणीसाठी
3. पोलीस ठाण्याचे प्रभारी अधिकारी, छबिन्याच्या वाटेच्या बंदोबस्तासाठी