सर्कल झाले, सर

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

पदोन्नतीची ऑर्डर हातात पडली. सोमवारी मंडळ अधिकारी म्हणून चार्ज घेते. फोनवर तुम्हाला सांगितलं तेव्हा "बरं झालं, कामाला लागा" म्हणून तुम्ही विषय मिटवलात. आभार ऐकून घ्यायची तुम्हाला सवयच नाही, म्हणून हे पत्र.

सज्जावर नवीन होते तेव्हा वारस नोंद म्हणजे मला अर्ज, मृत्यूचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र एवढंच वाटायचं. कागद पुरे, नोंद धरा. तुमच्याकडे फेरफार मंजुरीला आला की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला: "मुली किती?" अर्जात तीन मुलगेच असायचे. तुम्ही कोणावर आवाज चढवला नाहीत. पोलीस पाटलाला बोलावून चहा पाजायचात आणि गप्पांच्या ओघात विचारायचात, "म्हाताऱ्याचे जावई कुठल्या गावचे?" दोन लेकींची नावं आपोआप बाहेर यायची. भाऊ म्हणायचे, "बहिणींना काही नको, साहेब." त्यावर तुमचं उत्तर अजून कानात आहे: "नको असेल तर हक्कसोड रजिस्टर करून आणू दे. आधी नाव तर लागू दे." वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीचं परिपत्रक मी वाचलं होतं, पण सातबारावर ते कसं उतरतं हे तुमच्या त्या चहाच्या बैठकीत कळलं.

गारपिटीचे पंचनामेही तसेच. सगळे डांबरी रस्त्याच्या कडेचे प्लॉट बघून परत फिरायचे, तुम्ही मात्र चप्पल हातात घेऊन ओढ्यापलीकडच्या तुकड्यापर्यंत जायचात. हरभऱ्याच्या सरीत उकिडवे बसून घाटे फोडायचात आणि आत दाणा भरलाय का बघायचात. वरून हिरवं दिसणारं रान आतून गेलेलं असायचं. मदतीला निदान 33 टक्के नुकसान लागतं. तो आकडा तुम्ही बांधावरून कधी लिहिला नाहीत. (त्या चिखलात माझी नवी सँडल गेली, ती भरपाई अजून बाकी आहे.)

तुमची एक गोष्ट मात्र मला कधी पटली नाही. संगणकावर तुमचा राग होता. ई-फेरफार आल्यावर तुम्ही वैतागायचात, मी टायपिंग करायचे. तरी हरकतीचे 15 दिवस पुरे झाल्याशिवाय, स्क्रीनवर बटण दिसत असूनही, तुम्ही मंजुरीला हात लावला नाहीत. मागून पुढाऱ्याचा फोन वाजत असला तरी नाही. ते मी शेजारी बसून बघत होते.

आता तक्रारी नोंदींची सुनावणी माझ्यापुढे होईल. नव्या मंडळात एका सामाईक विहिरीचा जुना वाद आहे, सहा-अ च्या वहीत पडून आहे. रविवारी कागद घेऊन तुमच्याकडे येऊ का? निकाल मीच देईन. तुम्ही फक्त काय बघायचं राहिलंय तेवढं सांगा.

काकूंना नमस्कार. पेढे घेऊन येते, त्यांच्यासाठी साखर कमीचे.

आपली,
तुमच्या जुन्या मंडळातली तलाठी