पॉलिसी शेड्यूलमधील नाव, घराचा पत्ता आणि विमा रक्कम दुरुस्त करून मिळण्याबाबत अर्ज

दिनांक : २६ मे २०२५

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
सर्वसाधारण विमा, वडोदरा शाखा

विषय : भारत गृह रक्षा पॉलिसी क्र. ४१०७/००२८६३/२०२५, मुदत १२ मे २०२५ ते ११ मे २०२६. शेड्यूलमधील चुका दुरुस्त करून एन्डॉर्समेंट मिळणेबाबत.

महोदय,

वरील पॉलिसी मला १९ मे रोजी ई-मेलने मिळाली. शेड्यूल वाचताना तीन ठिकाणी गंभीर चुका आढळल्या. दुसऱ्या दिवशी मी शाखेत येऊन त्या दाखवल्या, तेव्हा "कॉम्प्युटरमध्ये बदलून देऊ" असे तोंडी सांगण्यात आले. अजून काही आले नाही, आणि पावसाळा तर तोंडावर आहे, म्हणून हा लेखी अर्ज देत आहे. शाखेत आपले बोलणे मराठीतूनच झाले होते, त्यामुळे मराठीत लिहिते आहे. आपल्या मुख्य कार्यालयासाठी याच अर्जाची सही केलेली इंग्रजी प्रत सोबत जोडली आहे.

सर्वांत महत्त्वाची चूक विमा रकमेची आहे. माझ्या घराचे चटई क्षेत्र ९६ चौरस मीटर आहे आणि प्रस्ताव अर्जात मी बांधकामाचा खर्च चौरस मीटरला २५,००० रुपये लिहिला होता. त्यानुसार इमारतीची विमा रक्कम २४,००,००० रुपये होते. शेड्यूलमध्ये क्षेत्रफळ बरोबर आहे, पण दर २,५०० रुपये छापला आहे. एक शून्य गळल्यामुळे इमारतीची रक्कम २,४०,००० रुपयांवर आली. या पॉलिसीत घरातल्या सामानाची रक्कम वेगळी सांगितली नसेल, तर ती इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, आपोआप धरली जाते. मी ती वेगळी सांगितलेली नव्हती. म्हणजे सामानाला ४,८०,००० रुपयांचे संरक्षण हवे होते, तिथे ४८,००० रुपये छापले गेले. दर दुरुस्त झाला की दोन्ही आकडे आपोआप जागेवर येतील.

ही चूक टायपिंगचीच आहे, असे मी खात्रीने म्हणते. २४ लाखांच्या कोटेशनमध्ये जीएसटी धरून १,४१६ रुपये प्रीमियम दाखवला होता आणि माझ्या खात्यातून नेमके तेवढेच पैसे कापले गेले. पावतीची प्रत सोबत आहे. तरीही आपल्या हिशेबाने काही फरक निघत असेल तर लेखी कळवावा, मी तो त्याच दिवशी भरीन.

हा नुसता आकड्यांचा प्रश्न नाही. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला, पाणी २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांपर्यंत चढले, तेव्हा आमच्या तळमजल्यावर तीन फूट पाणी दीड दिवस उभे होते. फ्रिज, वॉशिंग मशीन, दोन्ही पलंग, खालच्या ओळीतले सगळे वायरिंग आणि माझ्या यजमानांनी चाळीस वर्षे जमवलेली पुस्तके गेली. तेव्हा घराचा विमा नव्हता. फक्त सामानाचाच खर्च १,८५,००० रुपयांवर गेला, भिंती आणि फरशीचा वेगळा. पुन्हा तशी वेळ आली तर ४८,००० रुपयांत आम्ही काय उभे करणार? भारत गृह रक्षामध्ये विमा रक्कम कमी पडली म्हणून क्लेममधून प्रमाणशीर कपात होत नाही, हे मला माहीत आहे. पण छापलेल्या रकमेच्या वर तर एक रुपयाही मिळत नाही, आणि माझी काळजी तीच आहे.

दुसरी चूक पत्त्याची. शेड्यूलमध्ये विमा उतरवलेल्या घराचा पत्ता म्हणून दांडिया बाजार, वडोदरा ३९०००१ छापला आहे. तिथल्या भाड्याच्या घरात आम्ही २०११ पर्यंत राहत होतो. माझ्या स्कूटरची जुनी पॉलिसी आपल्याकडेच होती, तिच्या नोंदीतून हा पत्ता तसाच उचलला गेला असावा. ज्या घराचा विमा मी उतरवला आहे ते बंगला क्र. १४, पाण्याच्या टाकीजवळ, कारेलीबाग, वडोदरा ३९००१८ इथे आहे. कृपा करून फक्त पत्रव्यवहाराचा पत्ता बदलून थांबू नये. 'विमा उतरवलेल्या मालमत्तेचे ठिकाण' या रकान्यातही हाच पत्ता हवा. उद्या सर्व्हेअर कारेलीबागेत आला आणि कागदावर दांडिया बाजार असेल, तर तो माझे नुकसान कोणत्या घराचे म्हणून लिहील?

तिसरी चूक नावाची. शेड्यूलमध्ये छापले आहे :

MEDHABEN SHIRISHBHAI KELKAR

आधार, पॅन, बँक खाते आणि घराच्या दस्तावर असलेले माझे नाव :

MEDHA SHIRISH KETKAR

'बेन' आणि 'भाई' बहुधा स्कूटरच्या नोंदीतूनच आले. शेजारीपाजारी मला तीस वर्षे मेधाबेन म्हणतात आणि त्या हाकेत मला मायाच वाटते. परंतु क्लेमचे पैसे ज्या खात्यात यायचे त्यावरचे नाव आणि पॉलिसीवरचे नाव अक्षर न् अक्षर जुळायला हवे. केतकरचे केळकर कसे झाले ते कळत नाही. आडनावच वेगळे असेल तर कागदोपत्री मी दुसरीच व्यक्ती ठरते. मराठी घरांत ही दोन्ही आडनावे सर्रास आढळतात, त्यामुळे हा गोंधळ पुढे कोणाच्या लक्षातही येणार नाही.

बाकी तपशील, म्हणजे मुदत, मोबाइल नंबर, बांधकामाचा प्रकार आणि नॉमिनी, मी तपासले आहेत, ते बरोबर आहेत.

माझी विनंती अशी, की या तिन्ही दुरुस्त्यांचे एन्डॉर्समेंट पॉलिसी सुरू झाल्याच्या तारखेपासून, म्हणजे १२ मे २०२५ पासून लागू असल्याचे त्यावर स्पष्ट लिहावे. एन्डॉर्समेंट निघेल त्या तारखेपासून लागू केल्यास मधले दिवस चुकीच्या रकमेवर आणि चुकीच्या पत्त्यावर राहतील, ते मला मान्य नाही. चूक माझ्या प्रस्ताव अर्जात नाही, त्यामुळे ही मागणी रास्त आहे असे मला वाटते. एन्डॉर्समेंटसोबत दुरुस्त शेड्यूलही नव्याने छापून ई-मेलने आणि टपालाने कारेलीबागेच्या पत्त्यावर पाठवावे.

मी असेही लिहून देते, की १२ मेपासून आजपर्यंत या घराचे किंवा सामानाचे कोणतेही नुकसान झालेले नाही आणि या पॉलिसीखाली मी कोणताही क्लेम केलेला नाही.

सोबत प्रस्ताव अर्जाची प्रत, कोटेशन, प्रीमियमची पावती, आधार व पॅनच्या प्रती, रद्द केलेला चेक, चालू वर्षाचे महानगरपालिकेचे वेरा बिल आणि चुका लाल शाईने खूण केलेले शेड्यूल जोडले आहे. चटई क्षेत्रासाठी मंजूर नकाशाची प्रतही ठेवली आहे. घर पाहायचे असेल तर कोणत्याही दिवशी सकाळी दहानंतर यावे, आम्ही दोघेही घरीच असतो.

पावसाला साधारण जूनच्या मध्यापासून सुरुवात होते. त्याआधी, ५ जूनपर्यंत, दुरुस्त कागद हातात मिळावा. या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का द्यावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
मेधा शिरीष केतकर
बंगला क्र. १४, पाण्याच्या टाकीजवळ,
कारेलीबाग, वडोदरा ३९००१८