ओवीला दहा पूर्ण. गार्गीलाही दहा पूर्ण.

पहिला फोटो ओवीचा, दुसरा गार्गीचा. दोघींचा मिळून एकही टाकलेला नाही, मुद्दाम.

ओवी, वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा! 🎂
पाऊस लागला की दात घासायच्या आधी तुझा प्रश्न ठरलेला, "आयर्विन पुलाला किती फूट?" ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे तुला सातच्या पाढ्याआधी पाठ झालं. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रोजचा आकडा लिहितेस. आजोबा २०१९ च्या महापुराची गोष्ट सांगायला लागले की त्यांना मध्येच थांबवून "५७ च्या वर गेलं होतं" म्हणतेस आणि तेही कौतुकानं गप्प बसतात. सगळ्यांना वाटतं तुला आकड्यांचं वेड. गेल्या पावसाळ्यात पाणी चढायला लागलं तेव्हा तू मला हळूच विचारलंस, गावभागातल्या तुझ्या मैत्रिणीचं दप्तर आपल्याकडे आणून ठेवायचं का? तेव्हा मला कळलं, हा आकडा तू कशासाठी विचारतेस. अशीच राहा गं. केस मात्र विंचरत जा.

गार्गी, तुलाही वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा! ♟️
सांगलीत बुद्धिबळ शिकवणाऱ्यांना तोटा नाही, पण तू ऐकशील तर ना. वजीर तिसऱ्याच चालीला बाहेर. सर सांगतात, बाबा सांगतो, तू मान डोलावतेस आणि परत तेच. हरलीस की मोहरे एकेक करून डब्यात लावतेस, घोडे नेहमी सगळ्यात वर. मग भडंगाची वाटी घेऊन आधी त्यातला तळलेला लसूण वेचून खातेस. आमच्या वाट्याला नुसते चुरमुरे! आणि शेजारच्या आजींना खेळायला शिकवलंस ते. त्या आता तुला हरवतात, तरी रोज संध्याकाळी पट घेऊन तूच त्यांच्या दारात.

आता नातेवाईकांसाठी. आत्या, मावशी, काका, कमेंटमध्ये "जुळ्यांना शुभेच्छा" असं एकत्र उरकू नका. दोघींना वेगवेगळं लिहा, दोघी वाचणार आहेत. "मोठी कोण?" हा प्रश्न यंदा बंद, अकरा मिनिटांत कोणी ताई होत नाही. एकसारखे फ्रॉक आणणार असाल तर राहू द्या. ओवीला खिसे असलेली पँट हवी आहे, गार्गीला फ्रॉक चालतो पण गुलाबी नको. "दोघींत हुशार कोण?" असं कोणी विचारलं तर त्याला केक मिळणार नाही.

केक दोन आहेत. खरं तर एकच. ओवीचा बटरस्कॉच, आणि गार्गीला केक आवडत नाही म्हणून तिच्या ताटात श्रीखंड-पुरी. औक्षणही वेगवेगळं: ओवीचं सहाला, गार्गीचं क्लासवरून आल्यावर साडेसातला. ज्यांना दोन्ही गाठायचं आहे त्यांनी जेवूनच जायचं.