विषय: पीओ क्र. 118, परळ साइटचं प्लायवूड – नग, दर, तारीख आणि पेमेंट

मुंबई, 12 नोव्हेंबर 2026

नमस्कार शिंदे साहेब,

काल फोनवर ठरलं ते लिहून पाठवतेय. पीओ सोबत जोडली आहे. तुमच्या कोटेशनमध्ये 18 एमएमचे 45 नग आहेत, ते धरू नका, 40च हवेत.

सगळ्या शीट 8 बाय 4 फुटी, म्हणजे एका शीटचे 32 चौरस फूट. दर चौरस फुटाचा आहे, शीटचा नाही.

18 एमएम, बीडब्ल्यूपी, आयएस 710: 40 शीट, 1,280 चौ. फूट, दर ₹112 = ₹1,43,360
12 एमएम, बीडब्ल्यूपी, आयएस 710: 25 शीट, 800 चौ. फूट, दर ₹84 = ₹67,200
6 एमएम, एमआर, आयएस 303: 15 शीट, 480 चौ. फूट, दर ₹52 = ₹24,960

बेरीज ₹2,35,520. त्यावर 18 टक्के जीएसटी ₹42,393.60. पैसे राउंड करून बिल ₹2,77,914. टेम्पोभाडं, हमाली, लिफ्टने अकराव्या मजल्यावर चढवणं सगळं याच दरात, हे तुम्हीच म्हणालात. वेगळी पावती आली तर पास होणार नाही.

मागे एका दुकानदाराने 7 बाय 4 च्या शीट पाठवल्या आणि बिल 8 बाय 4 चं लावलं. आमच्या सुताराने कपाटाचं दार कापायला घेतलं तेव्हा कुठे कळलं. म्हणून या वेळी टेम्पोतून उतरतानाच टेप लावणार. ज्या शीटवर आयएसआयचा शिक्का नसेल किंवा कडेचे थर सुटलेले असतील, ती त्याच टेम्पोने परत जाईल. बदली शीट दोन दिवसांत, तुमच्या खर्चाने.

तारखेचंही एकदा बघून घ्या. तुम्ही "येत्या शुक्रवारी" म्हणालात. तो उद्याचा 13 तारखेचा नाही. माल शुक्रवार, 20 नोव्हेंबरला, एकाच फेरीत हवा. सोसायटीत मालाची लिफ्ट सकाळी 11 ते दुपारी 4 एवढीच मिळते. चारनंतर वॉचमन गेटच उघडत नाही, त्यामुळे रे रोडहून टेम्पो वेळेत काढा. उशीर होणार असेल तर 18 तारखेपर्यंत मेलवर कळवा, सुतारांना तसं सांगता येईल.

पेमेंट: ₹1,00,000 आगाऊ, तुमचं उत्तर आलं की त्याच दिवशी एनईएफटीने. उरलेले ₹1,77,914 माल साइटवर उतरल्यापासून 15 दिवसांत. दिवस बिलाच्या तारखेपासून मोजायचे नाहीत. 20 ला सगळा माल चोख आला तर 5 डिसेंबरपर्यंत पैसे खात्यात. काही शीट परत गेल्या तर तेवढीच रक्कम बदली माल येईपर्यंत थांबेल, बाकीची नाही. बिलावर पीओ नंबर घाला, नाहीतर आमचे अकाउंटंट ते बाजूला ठेवतात.

यातलं काही वेगळं ठरलं होतं असं वाटत असेल तर त्या ओळीखालीच लिहा. सगळं बरोबर असेल तर याच मेलला "मान्य" एवढं उत्तर शनिवारी, 14 तारखेला दुपारी 12 पर्यंत द्या. व्हॉट्सअॅपवरचा अंगठा नको. उत्तर येईपर्यंत माल बाजूला काढू नका.

मेघना
खरेदी विभाग