भाड्यावरील रिव्हर्स चार्जबाबत ASMT-10 नोटिशीस उत्तर

दिनांक : २४ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. राज्यकर अधिकारी,
वस्तू व सेवाकर कार्यालय, सांगली

विषय : सन २०२४-२५ च्या विवरणपत्रांची छाननी, दुकान व गोदामाच्या भाड्यावरील रिव्हर्स चार्ज
संदर्भ : आपली दि. ८ सप्टेंबर २०२५ ची ASMT-10 नोटीस

महोदय,

नफातोटा पत्रकात भाडे ६,२४,००० रु. दिसते आणि GSTR-3B च्या रकाना 3.1(d) मध्ये वर्षभर शून्य आहे, म्हणून पूर्ण भाड्यावर १८ टक्क्यांनी १,१२,३२० रु. कर का भरला नाही, असे आपण विचारले आहे. रकान्यात शून्य होते हे खरे आहे. त्यातले २७,००० रु. आमच्याकडून राहून गेले होते. ते व्याजासह भरले असून तपशील पुढे दिला आहे. बाकीची रक्कम मात्र देय होत नाही.

भाडे दोन जागांचे आहे. गणपती पेठेतील दुकानाचे दरमहा ३०,००० रु., म्हणजे वर्षाचे ३,६०,०००. कुपवाड येथील पाईप ठेवण्याच्या गोदामाचे दरमहा २२,००० रु., म्हणजे वर्षाचे २,६४,०००. खतावणीत दोन्ही 'भाडे खाते' या एकाच नावाखाली गेल्याने फरक दिसून येत नाही. खात्याचा उतारा जागावार फोड करून जोडला आहे.

गोदामाचे प्रथम सांगतो, कारण तिथे वाद उरत नाही. गोदामाचे मालक नोंदणीकृत आहेत. ते दरमहा १८ टक्के कर लावून बिल देतात आणि स्वतः भरतात. बाराही बिले आमच्या GSTR-2B मध्ये आपल्यालाही दिसतील. करमापक मूल्य २,६४,०००, कर ४७,५२०. रिव्हर्स चार्जची नोंद ५एबी फक्त अनोंदणीकृत मालकाकडून घेतलेल्या जागेला लागते, त्यामुळे इथे ती लागत नाही. याच भाड्यावर आमच्याकडून पुन्हा कर घेतला तर एकाच सेवेवर दोनदा कर होईल.

दुकानाचे मालक अनोंदणीकृत आहेत. त्यांची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असल्याचे स्वाक्षरीचे निवेदन व भाडेकराराची प्रत सोबत आहे. निवासी घर सोडून इतर स्थावर मालमत्ता अनोंदणीकृत व्यक्तीकडून नोंदणीकृत व्यक्तीने भाड्याने घेतली, तर कर भाडेकरूने भरायचा, ही तरतूद अधिसूचना ९/२०२४-केंद्रीय कर (दर), दि. ८ ऑक्टोबर २०२४ ने मूळ अधिसूचना १३/२०१७ मध्ये घातली आणि ती १० ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली. राज्याच्या कराबाबतही हीच स्थिती आहे. त्याआधी अशा दुकानभाड्यावर भाडेकरूची जबाबदारी नव्हती. एप्रिल ते सप्टेंबरचे भाडे १,८०,००० रु. आहे. त्यातील शेवटचे, सप्टेंबरचे, ५ ऑक्टोबर २०२४ रोजीच चेकने दिले आहे. म्हणजे सेवा आणि पैसे दोन्ही १० तारखेपूर्वीचे. आपल्या आकड्यातील ३२,४०० रु. यामुळे कमी होतात.

ऑक्टोबरचा महिना मधोमध तुटतो. ३१ पैकी २२ दिवसांचेच भाडे, म्हणजे २१,२९० रु., करपात्र धरता आले असते. पण त्या महिन्याचे भाडे ५ नोव्हेंबरला एकाच चेकने गेले आहे. दीड हजार रुपयांच्या फरकासाठी वाद नको म्हणून आम्ही पूर्ण ३०,००० वर कर भरला आहे. १० ऑक्टोबरपूर्वीच्या काळासाठी जबाबदारी मान्य केली, असा याचा अर्थ कृपया घेऊ नये.

कोणत्या महिन्याच्या विवरणपत्रात हा कर यायला हवा होता, हे कलम १३(३) नुसार ठरवले आहे. करारानुसार महिन्याचे भाडे पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला दिले जाते, आणि आमच्या बाबतीत हीच तारीख आधी येते. म्हणून ऑक्टोबरचे भाडे नोव्हेंबरच्या विवरणपत्रात मोडते, आणि याच हिशेबाने मार्चचे भाडे (दिले ५ एप्रिल २०२५) एप्रिल २०२५ च्या विवरणपत्रात. त्याचा ५,४०० रु. कर तिथे वेळेत भरला आहे आणि त्यानंतर दरमहा भरत आहोत. थकले ते ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे पाच महिने:

| भाड्याचा महिना | भाडे दिले | भरण्याची मुदत | उशीर (दिवस) | कर रु. | व्याज रु. |
|---|---|---|---|---|---|
| ऑक्टोबर | ५-११-२४ | २०-१२-२४ | २७४ | ५,४०० | ७२९.६७ |
| नोव्हेंबर | ५-१२-२४ | २२-१-२५ | २४१ | ५,४०० | ६४१.७९ |
| डिसेंबर | ५-१-२५ | २०-२-२५ | २१२ | ५,४०० | ५६४.५६ |
| जानेवारी | ५-२-२५ | २०-३-२५ | १८४ | ५,४०० | ४८९.९९ |
| फेब्रुवारी | ५-३-२५ | २०-४-२५ | १५३ | ५,४०० | ४०७.४४ |

डिसेंबर २०२४ च्या विवरणपत्राची मुदत वाढून २२ जानेवारी झाली होती, म्हणून दुसऱ्या ओळीत २० ऐवजी २२ आहे. व्याज कलम ५०(१) नुसार वार्षिक १८ टक्क्यांनी, २० सप्टेंबर २०२५ पर्यंत धरले आहे. कर २७,००० (सीजीएसटी १३,५००, एसजीएसटी १३,५००) आणि व्याज २,८३४ (प्रत्येकी १,४१७), एकूण २९,८३४ रु. ऑगस्ट २०२५ च्या GSTR-3B मधून दि. २० सप्टेंबर रोजी भरले. रिव्हर्स चार्जचा कर क्रेडिटमधून वळता करता येत नाही, त्यामुळे सर्व रक्कम रोख खात्यातून गेली आहे. रोख खात्याचा उतारा जोडला आहे.

कर रकाना 3.1(d) मध्ये दाखवला आणि त्याचेच २७,००० रु. क्रेडिट त्याच विवरणपत्रात 4(A)(3) मध्ये घेतले. दुकान पूर्णपणे करपात्र विक्रीसाठी वापरले जाते. DRC-03 ने भरले नाही, कारण तिथून भरलेला कर क्रेडिटला जोडताना अडचण येते. क्रेडिट घेतल्याने शासनाला शेवटी काही मिळाले नाही असे म्हणून व्याज टाळण्याचा आमचा प्रयत्न नाही. रोख उशिरा भरली, म्हणून व्याज भरले.

स्व-बिले मात्र वेळेत झाली नव्हती. नियम ४७ए प्रमाणे सेवा मिळाल्यापासून ३० दिवसांत ती काढायला हवी होती. पाच महिन्यांची पाच बिले १८ सप्टेंबर २०२५ रोजी काढली आहेत. नमुना म्हणून पहिल्या बिलातील मजकूर असा: 'स्व-बिल क्र. आरसीएम/१, पुरवठादार अनोंदणीकृत, सेवा संकेतांक ९९७२१२, माहे ऑक्टोबर २०२४ चे दुकानभाडे, मूल्य ३०,०००, सीजीएसटी ९% २,७००, एसजीएसटी ९% २,७००, कर रिव्हर्स चार्जने देय.' पेमेंट व्हाउचरही जोडले आहेत. परिपत्रक २११/५/२०२४ नुसार अनोंदणीकृत पुरवठादाराच्या बाबतीत क्रेडिटची मुदत स्व-बिल ज्या वर्षात काढले त्या वर्षावरून मोजायची असते. पण २०२४-२५ धरले तरी ३० नोव्हेंबर २०२५ अजून उलटलेली नाही.

आपल्या आकड्याचा मेळ असा बसतो: गोदाम ४७,५२० + एप्रिल ते सप्टेंबर ३२,४०० + आता भरलेले २७,००० + मार्चचे आधीच भरलेले ५,४०० = १,१२,३२०.

भाड्याची कोणतीही रक्कम लपवलेली नाही. ती सुरुवातीपासून हिशेबात आणि चेकनेच आहे. कलम ७४ए खालील नोटीस निघण्यापूर्वी कर व व्याज भरून हे लेखी कळवत असल्याने त्याच कलमाच्या पोटकलम (८) नुसार दंड लागू नये, ही विनंती. हे उत्तर ASMT-11 सोबत सादर केले आहे. मान्य झाल्यास ASMT-12 द्वारे कार्यवाही बंद करावी. शंका असल्यास खतावणी, बँक पासबुक व मूळ भाडेकरार घेऊन आपण सांगाल त्या दिवशी हजर राहू.

आपला विश्वासू,
सं. भि. माने
मालक, ठिबक सिंचन साहित्य, पाईप व पंप विक्री
गणपती पेठ, सांगली

सोबत : भाडे खात्याचा जागावार उतारा, दुकानाचा भाडेकरार व मालकाचे निवेदन, गोदामाची बारा बिले, पाच स्व-बिले व व्हाउचर, बँक उतारा, एप्रिल व ऑगस्ट २०२५ ची GSTR-3B, रोख खात्याचा उतारा.